वही बदला, पण पेन्सिल समासातच ठेवा

‘शेजाऱ्याशी वही बदला आणि एकमेकांच्या चुका तपासा,’ ही सूचना मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी ऐकलेली असते. श्रुतलेखनाच्या तासाला ती बिनबोभाट पार पडते. बरोबर शब्द फळ्यावर लिहिलेले असतात. मुले अक्षराला अक्षर लावून पाहतात आणि चुकलेल्या शब्दाखाली रेघ ओढतात. निबंधाच्या तासाला मात्र हीच सूचना फसते, कारण निबंधाचे उत्तर फळ्यावर नसते. सातवीतल्या मुलाच्या हातात शेजारणीचा परिच्छेद येतो. मग एकतर ‘छान लिहिलंयस’ म्हणून तो दोन मिनिटांत वही परत करतो, नाहीतर लाल पेन घेऊन प्रत्येक वाक्याची डागडुजी करत सुटतो. पहिल्या प्रकारात काहीच हाती लागत नाही. दुसऱ्या प्रकारात रुसवाफुगवी होते आणि बरोबर लिहिलेले शब्दही कधीकधी चुकीचे होऊन परत येतात.

यावर उपाय म्हणून जोडीला तपासणीची यादी दिली जाते. पण यादी दिली म्हणजे काम झाले असे होत नाही. ‘व्याकरण बरोबर आहे का? शुद्धलेखन बरोबर आहे का? विरामचिन्हे योग्य आहेत का?’ अशा तीन प्रश्नांपुढे तीन चौकोन छापलेले असले, तर मुले तिन्ही चौकोनांत बरोबरची खूण करून मोकळी होतात. त्यात त्यांचा कामचुकारपणा नसतो. ‘व्याकरण बरोबर आहे का’ या प्रश्नाचे उत्तर द्यायला आधी सगळे व्याकरण यावे लागते, आणि ते येत असते तर यादीची गरजच पडली नसती. उपयोगी पडणारा प्रश्न वेगळा असतो. कोणत्या शब्दावर बोट ठेवायचे, त्या शब्दाला काय विचारायचे आणि शंका आली तर कागदावर काय करायचे, एवढे तो सांगतो. सातवी-आठवीच्या मराठीच्या वर्गासाठी असे सहा प्रश्न पुरतात. त्यांच्याकडे वळण्याआधी ‘कागदावर काय करायचे’ हे ठरवून घ्यायला हवे, कारण बरीचशी भांडणे तिथेच सुरू होतात.

खूण ओळीपुढे, दुरुस्ती लिहिणाऱ्याकडे

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात इंग्रजी लेखन शिकवणाऱ्या रिचर्ड हॅसवेल यांनी १९८३ साली ‘कॉलेज इंग्लिश’ या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला होता. विद्यार्थ्यांच्या निबंधातली साधी चूक ते दुरुस्त करत नसत आणि ती कोणती आहे हेही सांगत नसत. ज्या ओळीत चूक असेल त्या ओळीपुढे, कागदाच्या समासात, फक्त एक बारीक खूण करत. एका ओळीत दोन चुका असल्या तर दोन खुणा. चूक शोधायची आणि सुधारायची ती विद्यार्थ्याने. अशा खुणा केलेल्या चुकांपैकी सुमारे ६० टक्के चुका विद्यार्थ्यांनी आपल्या आपणच दुरुस्त केल्या. म्हणजे निम्म्याहून अधिक चुका अज्ञानाच्या नव्हत्या. नियम माहीत होता, लिहिताना लक्ष निसटले होते.

हॅसवेल यांची पद्धत शिक्षकासाठी होती, पण शेजारी बसलेल्या मुलाला ती जास्त शोभते. शिक्षकाने लिहिलेली दुरुस्ती बरोबर असण्याची खात्री असते. वर्गमित्राच्या बाबतीत तशी खात्री देता येत नाही. त्याने मजकुरातच खाडाखोड केली आणि ती चुकीची निघाली, तर दोघांचेही नुकसान होते. समासातली खूण एवढेच म्हणते की ‘या ओळीत पुन्हा एकदा बघ.’ ती चुकीची ठरली तरी काही बिघडत नाही. लिहिणारी मुलगी ओळ पुन्हा वाचते, सगळे ठीक वाटले तर खूण खोडते आणि पुढे जाते.

म्हणून नियम साधा ठेवायचा. तपासणाऱ्याच्या हातात शिसपेन्सिल असेल आणि ती समासाच्या रेघेच्या डावीकडेच राहील. नक्की खटकले तर टिकली, आणि खटकतेय पण कारण सांगता येत नाही असे असेल तर प्रश्नचिन्ह. तिसरी खूण नाही. तोंडी काही सांगायचे असेल तर वाक्य ‘मी’पासून सुरू करायचे, जसे ‘मी इथे अडखळलो’ किंवा ‘मला हे दोनदा वाचावं लागलं’. ‘तू इथे चुकलीस’ हा निवाडा आहे आणि त्यावर वाद घालता येतो. ‘मी अडखळलो’ यावर वाद घालायला जागा नसते, कारण तो खरोखरच अडखळलेला असतो.

सहा प्रश्न

पहिला प्रश्न विरामचिन्हांचा. ‘मला श्वास कुठे घ्यावासा वाटला? तिथे चिन्ह आहे का?’ यासाठी परिच्छेद मोठ्याने वाचायचा, पण लिहिणाऱ्याने नव्हे, तपासणाऱ्याने. लिहिणारा आपल्या मनातले वाक्य वाचतो. कागदावर नसलेला पूर्णविरामही त्याच्या आवाजात आपोआप येतो. परक्या वाचकाला तो आधार नसतो. दोन वाक्ये एकमेकांना चिकटली असतील तर तो दुसऱ्या वाक्यात धडकतो आणि मागे येतो. तो जिथून मागे आला, ती ओळ खुणेची. कोणाच्या तोंडचे बोलणे असेल तर ते कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हेही याच फेरीत कळते.

दुसरा प्रश्न क्रियापदाचा. ‘क्रियापदावर बोट ठेव आणि विचार: हे कोणाच्या मागे चाललंय?’ मराठीत भूतकाळी क्रियापद कधी कर्त्याप्रमाणे बदलते, तर कधी कर्माप्रमाणे. ‘आजी गेली’, ‘बाबा आले’ यांत ते कर्त्यामागे जाते. पण कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागले आणि कर्म मोकळे असले, की ते कर्मामागे जाते: आजीने चष्मा घेतला, आजीने चादर घेतली, आजीने चपला घेतल्या. कर्मालाच ‘ला’ किंवा ‘ना’ लागले असेल तर ते कोणाच्याच मागे जात नाही. आजीने भावाला बोलावले, बहिणीला बोलावले, सगळ्यांना बोलावले, सगळीकडे ‘बोलावले’च राहते. व्याकरणाच्या पुस्तकात याला कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग म्हणतात. तपासताना ती नावे आठवली नाहीत तरी चालते. कर्त्याला ‘ने’ आहे का आणि कर्माला ‘ला’ आहे का, एवढे पाहिले की पुरे.

अडचण ‘मी’ आणि ‘तू’ यांची. त्यांना ‘ने’ लागलेला दिसतच नाही. तिथे त्यांच्या जागी ‘ती’ आणि ‘तिने’ घालून पाहायचे. ‘मी पिशवी उचलली’ याचे ‘तिने पिशवी उचलली’ होते, म्हणून क्रियापद पिशवीमागे गेले. ‘मी कविता विसरले’ याचे ‘ती कविता विसरली’ होते, म्हणून इथे ते बोलणारीच्या मागे राहिले. मुलाने लिहिले असेल तर तो ‘विसरलो’ लिहील. कविता स्त्रीलिंगी असल्याने त्यात फरक पडत नाही.

तिसरा प्रश्न काळाचा. ‘ही गोष्ट घडून गेली, की नेहमी घडते? सगळी क्रियापदं एकाच वेळेत आहेत का?’ यात्रा, सहल, पावसाळ्यातला प्रसंग असे काही लिहिताना मुले रंगात येतात आणि भूतकाळातून एकदम वर्तमानकाळात उडी मारतात. लिहिताना ते जाणवत नाही. सगळ्या क्रियापदांवरून ओळीने बोट फिरवले की उडी दिसते.

चौथा प्रश्न तुटलेल्या शब्दांचा. ‘कशापुढे? कोणासोबत? उत्तर आधीचाच शब्द असेल, तर दोन्ही शब्द जोडलेले आहेत का?’ पुढे, मागे, खाली, जवळ, सोबत, बरोबर, साठी, पर्यंत हे शब्द नामाला किंवा सर्वनामाला जोडून आले की मराठीत ते सलग लिहितात: झाडाखाली, माझ्याजवळ, संध्याकाळपर्यंत. हिंदीत असे बरेच शब्द सुटे लिहिले जातात आणि दुकानांच्या पाट्यांवर, मोबाइलवरच्या निरोपांत मराठीतही ते सुटे दिसतात, त्यामुळे मुलांच्या डोळ्यांना तेच ओळखीचे झालेले असते. पण ‘पुढे’ दिसला की जोडा, असेही चालत नाही. ‘तो पुढे गेला’ यात ‘कशापुढे?’ असे विचारले तर वाक्यात उत्तर नाही, म्हणून तिथे ‘पुढे’ सुटाच राहतो.

पाचवा प्रश्न अनुस्वाराचा. ‘एक की अनेक? अनेक असतील तर डोक्यावर टिंब आहे का?’ नामाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागताना अनेकवचनी रूपावर अनुस्वार येतो: मुलाला पण मुलांना, घरापुढे पण घरांपुढे. आदराने अनेकवचन वापरले असेल तरी तो येतो, म्हणून आजोबांनी, सरांना, बाईंचा. हा प्रश्न मुलांना सर्वांत आवडतो, कारण त्याचे उत्तर मोजून देता येते.

सहावा प्रश्न वेलांटी-उकारांचा, आणि तोच सर्वांत अवघड. ‘शब्दाला शेपूट लागलंय का? मग आधीची वेलांटी किंवा उकार बदललाय का?’ बोलताना ऱ्हस्व-दीर्घ फारसे ऐकू येत नाही, त्यामुळे मोठ्याने वाचून इथे उपयोग होत नाही. शब्दाचा आकारच पाहावा लागतो. मराठी शब्दाचे शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याआधीची वेलांटी किंवा उकार दुसरा, म्हणजे दीर्घ: खीर, तूप, फूल, वकील. शब्दाला प्रत्ययाची शेपटी लागली की तो पहिला होतो: खिरीत, तुपात, फुलांना, वकिलाला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमात बसत नाहीत. मंदिर, गुण, विष यांत आधीपासूनच ऱ्हस्व असतो, तर शरीर, गीत यांना शेपटी लागली तरी शरीराला, गीतात असा दीर्घच राहतो. कोणता शब्द संस्कृतातला, हे सातवीच्या मुलाला प्रत्येक वेळी कळेलच असे नाही. म्हणून या फेरीत टिकली करायचीच नाही, फक्त प्रश्नचिन्ह. उत्तर कोशातून काढायचे.

मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनाचे १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या प्रश्नांमागे त्याच परंपरेतले नियम आहेत. हे १८ नियम पुस्तकात वाचायला फार वेळ लागत नाही, पण आपल्याच लेखनावर एका वेळी सगळे लावून पाहणे मोठ्यांनाही जमत नाही. म्हणून फेऱ्या. एका फेरीत एकच प्रश्न घेऊन परिच्छेद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा. काळ तपासताना तुटलेला शब्द दिसला तरी तिकडे वळायचे नाही, त्याची फेरी पुढे येणारच असते.

एका परिच्छेदाची तपासणी

समजा, सातवीतल्या एका मुलीने गावच्या जत्रेवर सात ओळी लिहिल्या आहेत आणि तिची वही शेजारच्या मुलाकडे गेली आहे.

१. आमच्या गावाची जत्रा चैत्र महिन्यात असते या वर्षी मी
२. आजी सोबत जत्रेला गेले. देवळा पुढे खूप गर्दी होती.
३. आजीने मला हिरव्या बांगड्या घेतले. तिथे मुलाना
४. बसायला मोठा पाळणा होता. माझी बहिण घाबरली.
५. मी बहीणीला म्हणाले चल, मी तुझ्याशेजारी बसते.
६. नंतर आम्ही गूळाची रेवडी खाल्ली. घरी येताना
७. आजी जुन्या जत्रेच्या गोष्टी सांगते आणि मी ऐकत होते.

या सात ओळींत दुरुस्तीच्या दहा जागा आहेत. मुलगा पहिल्या फेरीत मोठ्याने वाचतो आणि ‘असते या वर्षी मी’ यावर अडखळतो. पहिल्या ओळीपुढे एक टिकली. पाचव्या ओळीत ‘म्हणाले चल’ हे एका दमात वाचून तो मागे येतो, तिथेही एक. दुसऱ्या फेरीत ‘घेतले’वर बोट ठेवल्यावर त्याला दिसते की आजीला ‘ने’ लागलेला आहे आणि बांगड्या मोकळ्या आहेत. तिसऱ्या ओळीपुढे टिकली. तिसऱ्या फेरीत तो क्रियापदांवरून बोट फिरवतो: असते, गेले, होती, घाबरली, सांगते, होते. ‘बसते’ तो वगळतो, कारण ते मुलीने बहिणीला म्हटलेले वाक्य आहे. ‘असते’ आणि ‘सांगते’ ही दोन क्रियापदे वेगळ्या वेळेतली वाटतात, म्हणून पहिल्या आणि सातव्या ओळीपुढे एकेक टिकली. चौथ्या फेरीत ‘आजी सोबत’ आणि ‘देवळा पुढे’ सापडतात, दुसऱ्या ओळीपुढे दोन टिकल्या. पाचव्या फेरीत ‘मुलाना’ दिसते, तिसऱ्या ओळीपुढे दुसरी टिकली. सहाव्या फेरीत त्याला एक गंमत दिसते. चौथ्या ओळीत ‘बहिण’ आहे आणि पाचव्या ओळीत ‘बहीणीला’. दोन्ही बरोबर असणे कठीण, पण नेमके काय हवे हे ठरत नाही, म्हणून दोन्ही ओळींपुढे प्रश्नचिन्ह. ‘गूळाची’ मात्र त्याच्या नजरेतून सुटते.

आता वही मुलीकडे परत. तिच्यासमोर आठ टिकल्या आणि दोन प्रश्नचिन्हे आहेत, पण एकाही शब्दाखाली रेघ नाही. तिसऱ्या ओळीतला ‘घेतले’ तिला लगेच दिसतो, दुसरी टिकली कशाची हे शोधताना ती ओळ अक्षर-अक्षर वाचते आणि ‘मुलाना’पाशी थांबते. दुसऱ्या ओळीत ‘देवळा’ हा शब्द एकटा उभा राहत नाही हे तिच्या लक्षात येते. ‘आजी’ एकटी उभी राहते, त्यामुळे ‘आजीसोबत’ सापडायला थोडा वेळ लागतो. पाचव्या ओळीत ती स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हे घालते. सातव्या ओळीत ‘सांगते’चे ‘सांगत होती’ करते.

पहिल्या ओळीपुढच्या दोन टिकल्यांपैकी एक पूर्णविरामाने मिटते. दुसरीसाठी तिला काहीच सापडत नाही. तेव्हा ती शेजाऱ्याला विचारते आणि तो ‘असते’कडे बोट दाखवतो. इथे मुलगी बरोबर आहे. जत्रा दरवर्षी चैत्रात असते, ती एकदा होऊन संपलेली गोष्ट नाही, म्हणून वर्तमानकाळच हवा. ती टिकली खोडते आणि समासात दोन शब्द लिहिते: ‘दरवर्षी असते’. तपासणाऱ्याची ही खूण चुकीची होती. पण तिच्यामुळे मुलीला आपल्या क्रियापदाचे कारण शब्दांत मांडावे लागले आणि मुलालाही कळले की एका परिच्छेदात दोन काळ येऊ शकतात.

प्रश्नचिन्हांसाठी दोघे मिळून कोश उघडतात. बहीण, बहिणीला. एकात दीर्घ आणि दुसऱ्यात ऱ्हस्व, आणि परिच्छेदात नेमके उलटे झालेले. हा नियम डोळ्यांसमोर असताना मुलगी परिच्छेद पुन्हा एकदा वाचते, तेव्हा खूण नसलेल्या सहाव्या ओळीतला ‘गूळाची’ तिला स्वतःलाच खटकण्याची चांगली शक्यता आहे. गूळ, गुळाची. दहावी जागाही मिळाली.

या उदाहरणात तपासणाऱ्या मुलाच्या पदरातही काही पडले. त्याने सहा वेळा एकच परिच्छेद वाचला आणि प्रत्येक वेळी एक नियम दुसऱ्याच्या वाक्यावर लावून पाहिला. क्रिस्टी लुंडस्ट्रॉम आणि वेंडी बेकर यांनी २००९ मध्ये ‘जर्नल ऑफ सेकंड लँग्वेज रायटिंग’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांचे दोन गट होते. एक गट केवळ इतरांचे लेखन तपासायचा, दुसरा केवळ इतरांनी दिलेले अभिप्राय वापरायचा. सत्र संपल्यावर तपासणाऱ्यांचे स्वतःचे लेखन अधिक सुधारलेले दिसले, विशेषतः भाषेच्या सुरुवातीच्या पायरीवर असलेल्यांचे. म्हणून जोडीत एकाला कायम ‘हुशार तपासनीस’ आणि दुसऱ्याला कायम ‘चुका करणारा’ ठरवू नये. दोघांनीही एकाच तासाला दोन्ही कामे करावीत.

घरची बोली आणि पुस्तकी मराठी

दुसऱ्या प्रश्नात एक नाजूक जागा आहे. कर्नाटकाच्या सीमेलगत काही भागांत ‘मी भाकरी खाल्लो’ असे बोलले जाते. तिथल्या मुलाला ‘ती’ आणि ‘तिने’ घालून पाहा म्हटले तर त्याचा कान वेगळे उत्तर देईल, आणि त्याच्या बोलीपुरते ते उत्तर चुकीचे नाही. शहरातल्या वर्गात अशा वाक्यावर हशा पिकला की ते मूल पुढे लिहायलाच कचरते. म्हणून यादीत एक ओळ ठळकपणे घालावी: ‘पुस्तकी मराठीत हे कसं लिहितात?’ बोलीतले रूप दिसले की हा प्रश्न विचारायचा, हसायचे नाही.

आणि अवतरणचिन्हांच्या आत बोली जशीच्या तशी ठेवायची. लेखनाचे नियमही पात्राच्या तोंडी बोलण्याची रूपे येऊ देतात. आजी ‘म्या सांगितलं व्हतं’ म्हणत असेल, तर ते ‘मी सांगितले होते’ करणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. तपासणारा अवतरणचिन्हांशी आला की व्याकरणाचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त चिन्हे उघडली आणि मिटली का एवढे पाहतो. निवेदनात ‘केले’ आणि ‘केलं’ यांची सरमिसळ असेल तर मात्र खूण करावी. एका परिच्छेदात एकच वळण ठेवायचे, एवढे सातवीच्या मुलाला पुरे.

कुठे बिघडते आणि कसे ओळखायचे

यादी सगळी भरलेली आहे आणि वहीच्या समासात एकही खूण नाही, असे दिसले तर वाचन झालेले नाही. शून्य चुकांचा परिच्छेद अशक्य नाही, पण दुर्मीळ असतो. त्यासाठी प्रत्येक फेरीच्या प्रश्नापुढे चौकोन न छापता एक शब्द लिहायला जागा ठेवावी. दुसऱ्या प्रश्नापुढे, ज्यावर बोट ठेवले असे कोणतेही एक क्रियापद लिहायचे. पाचव्यापुढे डोक्यावर टिंब असलेला एक शब्द. चूक सापडो न सापडो, शब्द लिहायला परिच्छेद वाचावाच लागतो.

मजकुरात दोन वेगळी हस्ताक्षरे दिसली तर तपासणाऱ्याने पेन्सिल समासाबाहेर नेली आहे. ओरडण्यापेक्षा लिहिणाऱ्याला निळे पेन आणि तपासणाऱ्याला शिसपेन्सिल अशी वाटणी करून टाकावी, म्हणजे कोणी काय केले हे लपत नाही.

एकच चुकीची खूण अनेक वह्यांत आली तर दोष मुलांचा नसतो. ‘शरीराला’पुढे अनेक जोड्यांनी प्रश्नचिन्ह केले, याचा अर्थ शेपटीचा नियम सांगताना संस्कृत शब्दांचा अपवाद वर्गापर्यंत पोचला नाही. चाळीस मुलांच्या वर्गात शिक्षकाला प्रत्येक वही ओळीने तपासता येत नाही, पण वीस जोड्यांची प्रश्नचिन्हे आणि खोडलेल्या टिकल्या पाहता येतात. पुढच्या तासाला काय शिकवायचे ते त्यावरून ठरवता येते.

मजकूर कच्चा असताना ही यादी काढायची नाही. जत्रेच्या निबंधात पाळण्याचा प्रसंग ठेवायचा की काढायचा हे ठरलेले नसताना त्यातली वेलांटी दुरुस्त करण्यात अर्थ नसतो. शिवाय एकदा अनुस्वार-उकार नीट केले की ते वाक्य काढून टाकायला मूल तयार होत नाही. मजकुराबद्दलचे बोलणे आधीच्या तासाला आणि व्याकरणाच्या फेऱ्या नंतर. या खुणांना गुणही नसावेत. टिकल्यांची संख्या गुणपत्रिकेत गेली की मित्र मित्राच्या चुका लपवू लागतो, आणि ते स्वाभाविक आहे.

वर्गात उतरवताना

३५ मिनिटांच्या तासात पहिल्याच दिवशी सहा फेऱ्या उरकत नाहीत. पहिल्या आठवड्यात पहिला आणि पाचवा प्रश्न घ्यावा, कारण त्यांची उत्तरे कानाने आणि मोजून मिळतात. दुसऱ्या आठवड्यात क्रियापदाचे दोन, तिसऱ्यात उरलेले दोन. परिच्छेद आठ-दहा ओळींचा असावा आणि एक ओळ सोडून लिहिलेला असावा, म्हणजे लिहिणाऱ्याला दुरुस्तीला जागा राहते. सहा फेऱ्यांची सवय झाली की फेरीला तीन मिनिटे पुरतात. १८ मिनिटांत तपासणी होते आणि उरलेला वेळ लिहिणाऱ्याच्या दुरुस्तीला आणि दोघांच्या बोलण्याला मिळतो.

वहीच्या मागच्या पानावर चिकटवायची यादी एवढीच:

वाचण्याआधी: मी पेन्सिल समासातच ठेवीन. टिकली म्हणजे ‘पुन्हा बघ’, प्रश्नचिन्ह म्हणजे ‘दोघं मिळून शोधू’.

१. मी मोठ्याने वाचताना कुठे अडखळलो? तिथे चिन्ह आहे का?
२. क्रियापद कोणाच्या मागे चाललंय? कर्त्याला ‘ने’ आहे का?
३. ही गोष्ट घडून गेली, की नेहमी घडते?
४. कशापुढे? कोणासोबत? उत्तर आधीचा शब्द असेल तर दोन्ही जोडलेत का?
५. एक की अनेक? अनेक असतील तर टिंब आहे का?
६. शब्दाला शेपूट लागलंय का? वेलांटी-उकार बदललाय का? (फक्त प्रश्नचिन्ह)

बोलीतलं रूप दिसलं तर: पुस्तकी मराठीत हे कसं लिहितात?

वाचून झाल्यावर: व्याकरण अवघड असूनही तू बरोबर लिहिलेला एक शब्द: ______

लिहिणाऱ्यासाठी: मी कोणती खूण खोडली आणि का: ______

शेवटून दुसऱ्या ओळीत ‘छान’, ‘सुंदर’ चालत नाही. एक शब्द दाखवावा लागतो. जत्रेच्या परिच्छेदात तो ‘तुझ्याशेजारी’ असता. दोन शब्द तुटले तिथे हा मात्र नीट जोडलेला होता, म्हणजे नियम मुलीच्या हाताला अर्धा वळलेला आहे.

ही यादी वर्षभर तशीच ठेवायची नाही. साधारण महिनाभराने समासातल्या खुणा चाळल्या की कळते, अनुस्वाराच्या प्रश्नाला आता क्वचितच काही सापडते. तो काढावा आणि त्या वर्गात खरोखर होणारी चूक घ्यावी. कुठे ‘राहणे-पाहणे’ऐवजी ‘रहाणे-पहाणे’ लिहिले जात असेल, कुठे ‘मला मदत केली’ऐवजी हिंदीच्या वळणाने ‘माझी मदत केली’. प्रश्न मात्र सहाच्या वर जाऊ देऊ नयेत. आणि वार्षिक परीक्षेच्या आधी एकदा जोडी मोडावी. मुलाने आपलाच परिच्छेद एक दिवस बाजूला ठेवून, दुसऱ्या दिवशी त्याच सहा फेऱ्यांनी तपासावा. परीक्षेत वही बदलायला शेजारी नसतो. शेवटच्या पाच मिनिटांत आपल्या उत्तरपत्रिकेकडे परक्याच्या नजरेने कसे बघायचे, हे त्याला तोवर जमलेले असायला हवे.